तंबाखू न घालता पान खाणाऱ्यालाही सुपारीची तलफ का येते?

अनुराधा_रायगड

आमच्या घरात श्रीवर्धनची रोठा सुपारी कायम असते. माझी आई आता सत्तरीला आली आहे. तिने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही, मिश्री लावलेली नाही आणि बाजारातली पुडीही कधी खाल्लेली नाही. तिचे पान म्हणजे नागवेलीचे पान, बोटावर घेतलेला चुना, चिमूटभर कात आणि अडकित्त्याने कातरलेली सुपारी. दाढा पडल्यापासून हे सगळे ती पितळी खलात अगदी बारीक कुटून खाते. पूर्वी दोन्ही जेवणांनंतर एकेक विडा होत असे. गेल्या काही वर्षांत सकाळच्या चहानंतर, पूजा आटोपल्यावर, दुपारी उठल्यावर, दिवेलागणीला असे विडे वाढत गेले आणि आता रात्री झोपतानाही तिच्या गालात चोथा असतो.

मध्यंतरी गालाच्या आतल्या बाजूला चरचर होऊ लागली, म्हणून दंतवैद्यांनी सुपारी पूर्ण बंद करायला सांगितली. आईने निश्चयाने बंदही केली. मात्र दुसऱ्या दिवसापासून तिचे डोके जड राहू लागले, झोप उडाली, भाजीत मीठ कमी पडले एवढ्यावरून ती चिडू लागली आणि रोज तासभर पोथी वाचणारी बाई पाच-दहा ओव्यांच्या पुढे जाईना. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले की तंबाखू नाही म्हणजे व्यसन नाही, ही केवळ मनाची सवय आहे. मला हे पटत नाही. सुपारी मेंदूत खरोखर काही करते का, आणि करत असल्यास नेमके काय करते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

नागवेल

जेवणानंतरचे पान पाचक असते, त्याने मुखशुद्धी होते आणि तोंडाला वास येत नाही. नागवेलीचे पान औषधी आहे, हे आपल्याकडे पूर्वापार मानले गेले आहे. आईंना या वयात पान बंद करायला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पचनाची तक्रार सुरू होईल.

अनुराधा_रायगड

नागवेल, दंतवैद्यांनी पानाला हरकत घेतलेली नाही, फक्त सुपारीला घेतली आहे. माझा प्रश्नही सुपारीपुरताच आहे.

औषधशास्त्र_निवृत्त

मी वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवत असे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जवळचा आहे. आपल्या आईंच्या डॉक्टरांनी जे सांगितले, ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या पाठ्यपुस्तकांशी जुळणारे आहे. आज ते तसे सांगता येणार नाही.

सुपारीतील मुख्य क्रियाशील द्रव्य अरेकोलिन हे आहे. वाळलेल्या सुपारीत त्याचे प्रमाण वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, जातीप्रमाणे आणि प्रक्रियेप्रमाणे ते कमीजास्त होते. दोन ग्रॅमचे खांड धरले तर त्यात साधारण दहा मिलिग्रॅम अरेकोलिन भरेल. ते सगळे रक्तात जात नाही, कारण काही थुंकीबरोबर बाहेर पडते आणि काही चोथ्यात अडकून राहते. तरीही जे गालाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात शिरते, ते मेंदूपर्यंत सहज पोहोचते, आणि परिणाम जाणवायला तेवढे पुरते.

आपला मेंदू ॲसिटिलकोलिन नावाचे एक रसायन वापरतो. ते पेशींवरच्या दोन प्रकारच्या रिसेप्टरांवर, म्हणजे संकेत टिपणाऱ्या जागांवर, काम करते. त्यांपैकी एका प्रकाराला मस्करिनिक म्हणतात आणि दुसऱ्याला निकोटिनिक. अरेकोलिन पहिल्या प्रकारावर जोरदार काम करते, हे शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. तोंडाला सुटणारे पाणी, अंगाला येणारा घाम, चेहऱ्यावर चढणारी ऊब आणि ताज्या ओल्या सुपारीचे खांड खाल्ल्यावर सवय नसलेल्या माणसाला सुपारी लागते तेव्हाची चक्कर, छातीतली धडधड आणि घशाशी आलेला आवंढा, हे सगळे मुख्यतः या पहिल्या प्रकाराचे काम आहे. पण घाम आणि लाळ यांच्यासाठी कोणी दिवसभर सुपारी खात नाही. तलफेचे उत्तर दुसऱ्या प्रकारात शोधावे लागते.

2015 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की अरेकोलिन निकोटिनिक रिसेप्टरांपैकी नेमक्या त्याच उपप्रकारांवर काम करते, ज्यांच्यामुळे माणूस सिगारेटच्या आहारी जातो. रिसेप्टर हे दार मानले, तर निकोटिन ते सताड उघडते आणि अरेकोलिन ते किलकिले करते. मेंदूच्या मध्यभागी डोपामिन सोडणाऱ्या ज्या पेशी आहेत, त्यांच्यावर हे रिसेप्टर असतात. ते हलले की ‘हे बरे वाटले, हे पुन्हा कर’ असा संकेत मेंदूत नोंदला जातो. म्हणून तंबाखू नसली तरी तलफ निर्माण होण्याची यंत्रणा सुपारीत आहेच.

एक मर्यादा मात्र येथेच सांगितली पाहिजे. हा प्रयोग बेडकाच्या अंडपेशींवर मानवी रिसेप्टर बसवून केलेला होता. माणसाच्या मेंदूत एका विड्यानंतर अरेकोलिनची पातळी नेमकी किती होते आणि तेवढी पातळी या कामाला पुरते का, हा पुढचा प्रश्न आहे.

मुक्तछंद

माझ्या वाचनात थोडे वेगळे आले आहे. चुन्यामुळे अरेकोलिन टिकतच नाही. त्याचे विघटन होऊन अरेकेडीन तयार होते, आणि अरेकेडीन हे मेंदूतील गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचे पुनर्शोषण थांबवते, त्यामुळे ते अधिक वेळ काम करत राहते. म्हणजे पान खाल्ल्यावर जो निवांतपणा येतो, तो गाबामुळे येतो. निकोटिनशी त्याचा संबंध जोडणे मला ओढूनताणून वाटते. माणसे पान खाऊन शांत बसतात, सिगारेट ओढणाऱ्यासारखी तरतरीत होत नाहीत.

औषधशास्त्र_निवृत्त

मुक्तछंद, आपण सांगितलेली रासायनिक क्रिया खरी आहे. चुन्याच्या सान्निध्यात अरेकोलिनचे अरेकेडीन होते, आणि सुपारीतील दुसऱ्या एका द्रव्यापासून ग्वॅसिन तयार होते. ही दोन्ही द्रव्ये मेंदूच्या पेशी परीक्षानळीत ठेवल्या असता गाबाचे पुनर्शोषण रोखतात, हेही खरे. अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली अशी की या क्रियेला वेळ लागतो. विडा तोंडात गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत जे अरेकोलिन बाहेर येते, त्यातले बरेचसे विघटन होण्याआधीच शोषले जाते. किंबहुना चुन्याचे मोठे काम वेगळेच आहे. अरेकोलिन आम्लधर्मी लाळेत विद्युतभारित असते आणि त्या रूपात गालाच्या त्वचेतून सहज पार होत नाही. चुना लाळ अल्कधर्मी करतो, मग त्याचा भार जातो आणि ते झपाट्याने आत शिरते. तंबाखूला चुना चोळतात, त्यामागेही हेच कारण आहे. चुना कमी झाला की पान ‘लागत नाही’, असे मुरलेले पानखाऊ सांगतात, ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे.

दुसरी अडचण अशी की अरेकेडीन आणि ग्वॅसिन रक्तातून मेंदूत फारशी जाऊ शकत नाहीत, कारण त्यांची रचना अमिनो आम्लासारखी असून त्यांच्यावर दोन्ही प्रकारचे भार असतात. या दोन द्रव्यांचे आकर्षण औषध संशोधकांनाही होते. पण मेंदूत पोहोचावे म्हणून त्यांना मूळ रेणूत बराच फेरफार करावा लागला.

आता तरतरीबद्दल. पान खाऊन माणूस शांत दिसतो, पण मोजमाप तसे सांगत नाही. तैवानमध्ये चू नाई-शिन या मेंदूविकारतज्ज्ञांनी सुपारी खाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके, त्वचेचे तापमान आणि मेंदूच्या विद्युतलहरी मोजल्या होत्या. परिणाम दोन मिनिटांत सुरू होत असे, चार ते सहा मिनिटांत शिखरावर जात असे आणि सरासरी सतरा मिनिटांच्या आसपास ओसरत असे. ठोके वाढत होते, आणि मेंदूच्या लहरींत जागेपणाची व निवांतपणाची लक्षणे एकत्र दिसत होती. रोज खाणाऱ्यांत ठोक्यांची वाढ नवख्यांपेक्षा कमी होती, म्हणजे शरीर सरावले होते.

आईंच्या विड्यांची संख्या का वाढली, याचे उत्तर या सतरा मिनिटांत आहे. अरेकोलिन रक्तात फार थोडा वेळ टिकते. 1980 आणि 1990 च्या दशकांत अल्झायमरच्या रुग्णांची स्मृती सुधारेल या आशेने ते औषध म्हणून वापरून पाहिले गेले. शरीर ते मिनिटांच्या हिशेबाने नष्ट करते, म्हणून संशोधकांना ते शिरेतून सतत ठिबकवावे लागत असे. जे द्रव्य लवकर चढते आणि लवकर उतरते, ते पुन्हा पुन्हा घ्यावेसे वाटते. त्यात आई विडा कुटून खातात. कुटल्याने सुपारीचे बारीक कण होतात आणि चुना त्यांच्यात सगळीकडे मिसळतो, त्यामुळे अरेकोलिन अख्ख्या खांडापेक्षा लवकर सुटते. रात्रीचा चोथा म्हणजे तेच द्रव्य हळूहळू सोडत राहणे होय.

मुक्तछंद

चुन्याचा आणि शोषणाचा मुद्दा पटला. तरीही गाबाचा संबंध अजिबात नाही, असे म्हणायला पुरावा आहे का? थोडे अरेकेडीन मेंदूत जात असेल आणि दीर्घकाळ खाणाऱ्यांत तेही साठत असेल, तर?

औषधशास्त्र_निवृत्त

अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. रोज खाणाऱ्या माणसाच्या मेंदूत अरेकेडीन किती असते, हे मोजल्याशिवाय हा वाद मिटणार नाही.

मनोविकार_नाशिक

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. सरांनी सांगितलेली यंत्रणा मला मान्य आहे, पण यंत्रणा असणे आणि व्यसन असणे यांत अंतर आहे. रुग्णाकडे पाहताना आम्ही वेगळे प्रश्न विचारतो. ठरवल्यापेक्षा जास्त खाल्ले जाते का, बंद केल्यावर त्रास होतो का, तोंडात इजा झाली हे कळूनही थांबता येत नाही का, आणि पहिल्याइतके बरे वाटायला मात्रा वाढवावी लागते का. अनुराधाताईंनी दिलेल्या वर्णनात यांपैकी बऱ्याच प्रश्नांची उत्तरे होकारार्थी दिसतात.

या विषयावर बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेतील डॉक्टरांनी 2008 मध्ये एक उपयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी केवळ सुपारी खाणारे, तंबाखूयुक्त सुपारी खाणारे आणि काहीच न खाणारे अशा लोकांची तुलना केली. केवळ सुपारी खाणाऱ्यांतही अवलंबनाची लक्षणे सापडली. तंबाखू घालणाऱ्यांत मात्र त्यांचे प्रमाण अधिक होते. म्हणजे आईंच्या डॉक्टरांचे ‘तंबाखू नाही म्हणजे व्यसन नाही’ हे विधान चुकीचे ठरते. त्याचबरोबर ‘सुपारी आणि तंबाखू यांत काही फरक नाही’ हे विधानही तेवढेच चुकीचे आहे.

आईंच्या बाबतीत एक शंका मी मोकळी ठेवतो. विडा हा त्यांच्या दिवसाचा सांगाडा होता. तो काढून घेतल्यावर पूजा आटोपल्यानंतरचा वेळ, दुपारचा वेळ, संध्याकाळचा वेळ एकदम रिकामा झाला. त्या रिकामपणाची चिडचिड आणि अरेकोलिन थांबल्याची चिडचिड बाहेरून सारखीच दिसते. ज्या ठिकाणी, ज्या वेळी आणि ज्या हालचालींनंतर मेंदूला ते द्रव्य मिळत आले, त्या सगळ्यांशी मेंदू ते जोडून टाकतो. अडकित्त्याचा आवाज ऐकूनच तोंडाला पाणी सुटते आणि इच्छा जागी होते. या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या असतील, तर विडा तसाच ठेवून त्यातली फक्त सुपारी काढून पाहावी.

चंद्रपुरी

माझे स्वतःचे सांगतो. आमच्याकडे खर्रा चालतो. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून देतात. मी कारखान्यात रात्रपाळी करत होतो तेव्हा जागरणासाठी सुरू केला आणि मग सुटीच्या दिवशीही सुटेना. निकोटिनचे च्युइंगगम चघळून तंबाखू सोडायचा प्रयत्न केला, पण काही केल्या समाधान होत नव्हते. शेवटी तंबाखूविना, नुसत्या चुन्याची सुपारी घोटून घेऊ लागलो, तेव्हा जीव शांत झाला. आज तंबाखू सुटली आहे, पण ही साधी सुपारी सुटलेली नाही. साधी असल्यामुळे धोका नाही, असे मी धरून चाललो आहे. बरोबर ना?

औषधशास्त्र_निवृत्त

चंद्रपुरी, तंबाखू सोडलीत हे फार मोठे काम केलेत. पण साध्या सुपारीबद्दलची समजूत धोकादायक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना सुपारीचा समावेश 2004 मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. तोंडाची आतली त्वचा कडक होऊन जबडा आखडण्याचा विकारही सुपारीमुळेच होतो. स्वतःची तीन बोटे उभी करून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. ती जात नसतील, किंवा तिखट अजिबात सहन होत नसेल, तर दंतवैद्यांना लगेच दाखवा.

आपला अनुभव या धाग्याच्या मूळ प्रश्नासाठीही महत्त्वाचा आहे. निकोटिन मिळत असूनही आपली तलफ भागली नाही आणि सुपारीने भागली. खर्ऱ्यात दोन वेगळी व्यसने एकत्र घोटलेली असतात, हे त्यातून दिसते. एका माणसाच्या अनुभवावर सिद्धान्त उभा राहत नाही, पण तो यंत्रणेशी विसंगत नाही.

तैचुंगहून

मी कामानिमित्त तैवानमध्ये राहतो. येथे सुपारीला बिनलांग म्हणतात. हमरस्त्याच्या कडेला काचेची, रंगीत दिव्यांची छोटी दुकाने असतात आणि ट्रकचालक गाडी न थांबवताच पाकीट घेऊन पुढे जातात. येथील सुपारी आपल्यासारखी वाळलेली नसते. कोवळी हिरवी सुपारी चिरून तिच्यात चुन्याची लगदी भरतात, किंवा ती चुना लावलेल्या पानात गुंडाळतात. तंबाखू त्यात अजिबात नसते. माझ्या कामाच्या ठिकाणी बांधकामाचे मजूर आहेत. हिवाळ्यात पहाटे काम सुरू करण्याआधी अंगात ऊब यावी आणि झोप उडावी म्हणून ते खातात. त्यांपैकी काही जण सांगतात की आता ऊब फारशी येत नाही, पण खाल्ले नाही तर हात कामाला वळत नाहीत. तंबाखूविना सुपारीचे व्यसन लागते का, या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते, असे मला वाटते.

मनोविकार_नाशिक

तैवानचे उदाहरण अगदी योग्य ठिकाणचे आहे, आणि या विषयातले बरेचसे चांगले संशोधन तेथूनच आले आहे ते याच कारणाने. एक सावधगिरी मात्र बाळगावी. तेथे बिनलांग खाणारे बहुसंख्य पुरुष सिगारेटही ओढतात. विड्यात तंबाखू नसली तरी शरीरात निकोटिन असतेच, त्यामुळे दोन्ही वेगळे करणे तेथेही सोपे नाही. त्या दृष्टीने अनुराधाताईंच्या आईंसारख्या, आयुष्यात कोणत्याही रूपात तंबाखू न घेतलेल्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या स्त्रिया हा अभ्यासासाठी अधिक स्वच्छ गट ठरेल.

तैवानमधल्या मजुरांचे ते वाक्य मी माझ्या रुग्णांकडूनही ऐकतो. सुरुवातीला माणूस बरे वाटावे म्हणून खातो आणि पुढे वाईट वाटू नये म्हणून खातो. चार तास विडा मिळाला नाही की मन कामात लागत नाही, आणि विडा खाल्ल्यावर लागते. त्यावरून सुपारीने एकाग्रता वाढते, असा समज होतो. प्रत्यक्षात सुपारी थांबल्यामुळे जे कमी झाले होते, तेवढेच ती भरून काढत असण्याची शक्यता मोठी आहे.

अनुराधा_रायगड

येथे मानसोपचारतज्ज्ञांनी सुचवल्याप्रमाणे करून पाहिले. आईला विडा त्याच वेळी, त्याच खलात कुटून दिला. पान, चुना, कात सगळे ठेवले आणि सुपारीऐवजी भाजलेली बडीशेप व लवंग घातली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “पान आहे, पण पानात जीव नाही.” विडा तोंडात असूनही दुपारपर्यंत डोके जड झाले आणि रात्री झोप लागली नाही. दोन-तीन दिवसांनी मला राहवले नाही, म्हणून सकाळच्या विड्यात चिमूटभर सुपारी घातली. थोड्याच वेळात तिचा चेहरा उजळला आणि तिने पोथी हातात घेतली. यावरून रिकाम्या वेळेची शंका मिटते का?

मनोविकार_नाशिक

बरीच कमी होते, पण मिटत नाही. सुपारी आहे की नाही, हे आईंना जिभेवर कळत होते. ती दातांखाली जशी लागते, तशी बडीशेप लागत नाही. आता बरे वाटेल, ही अपेक्षाही मेंदूत काम करते. तरीही डोके जड होणे, झोप उडणे, लक्ष न लागणे, चिडचिड होणे आणि हे सगळे सुपारीने काही मिनिटांत ओसरणे, हे चित्र सुपारी सोडणाऱ्यांत जे वर्णन केले जाते त्याच्याशी तंतोतंत जुळते. उपचार ठरवण्यासाठी एवढे पुरेसे आहे. आईंना व्यसन आहे असे धरूनच पुढे जावे, आणि हे त्यांच्या मनाच्या दुबळेपणाचे लक्षण आहे, असे घरात कोणी म्हणू नये.

जुनी_पानवाली

माझ्या आजीने नव्वदीपर्यंत पान खाल्ले. तिची चंची कमरेला असे. तिला कोणी व्यसनी म्हटले नाही आणि ती कधी चिडलेलीही मला आठवत नाही. आजकाल प्रत्येक गोष्टीला आजाराचे नाव दिले जाते, याचे मला वाईट वाटते.

मनोविकार_नाशिक

ताई, आपल्या आजीबद्दल कोणताही अनादर नाही. चंची कमरेला असे, म्हणजेच विडा मिळाला नाही असा प्रसंग बहुधा त्यांच्यावर आलाच नाही. सोडल्यावरचा त्रास सोडल्याशिवाय दिसत नाही. आणि पानसुपारी खाणारा प्रत्येक जण तिच्या आहारी जातो असेही नाही. जेवणावर एक विडा खाऊन आयुष्य काढणारी माणसे पुष्कळ आहेत. एक जण तेथेच का थांबतो आणि दुसऱ्याचा चोथा झोपेतही गालात का राहतो, हे आज कोणालाही नीट सांगता येत नाही.

अनुराधा_रायगड

मग आता पुढे काय करावे? आई पूर्ण बंद करायला तयार आहे, पण त्या पहिल्या दिवसांची तिला भीती बसली आहे. यासाठी काही गोळी आहे का?

औषधशास्त्र_निवृत्त

सुपारी सोडवण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेले औषध आज नाही. दोन दिशांनी प्रयत्न झाले आहेत. फ्लोरिडाच्या संशोधकांनी सुचवले होते की सिगारेट सोडण्यासाठी दिली जाणारी, निकोटिनिक रिसेप्टरांवर अर्धवट काम करणारी औषधे सुपारीसाठीही उपयोगी पडू शकतील. यंत्रणेच्या दृष्टीने ते तर्कसंगत आहे. दुसरी दिशा तैवानची आहे. अरेकोलिन मेंदूत काही नैराश्यविरोधी औषधांसारखेही वागते, असे तेथील संशोधकांना आढळले. म्हणून शंभराहून थोड्या अधिक पुरुषांवर त्यांनी आठ आठवड्यांची चाचणी घेतली आणि 2020 मध्ये ती प्रसिद्ध झाली. एस्सिटॅलोप्राम किंवा मोक्लोबेमाइड ही नैराश्यावरची औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांची सुपारी थांबली, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण फारच थोडे होते. पण चाचणी लहान होती, सगळे पुरुष होते आणि ते ताजी हिरवी सुपारी खाणारे होते. सत्तरीच्या स्त्रीला यावरून आपणहून गोळी सुरू करू नये. एस्सिटॅलोप्रामने वयस्कांच्या रक्तातील सोडियम कमी होऊ शकते.

मनोविकार_नाशिक

गोळीपेक्षा मात्रा उतरवत नेणे आईंसाठी मला अधिक योग्य वाटते. पहिल्यांदा रात्रीचा चोथा बंद करावा, कारण सर्वाधिक वेळ तोंडाला तोच चिकटून असतो. त्यानंतर दिवसभरातली सगळी सुपारी सकाळीच कातरून एका डबीत ठेवावी आणि दिवसभरात तेवढीच वापरावी. दर आठवड्याला त्या डबीतली सुपारी थोडी कमी करून तेवढी बडीशेप वाढवावी. चुनाही बरोबरीने कमी करत जावा, नाहीतर कमी सुपारीतून जास्त अरेकोलिन काढण्याकडे हात नकळत वळतो. चिकणी सुपारी उकडलेली असल्याने तिच्यात अरेकोलिन कमी असते, पण ती सौम्य वाटते म्हणून जास्त खाल्ली जाते, त्यामुळे अदलाबदलीचा फायदा राहत नाही. बाजारातली सुगंधी सुपारी तर मुळीच नको. एक विडा जास्त झाला म्हणून सगळे सोडून देऊ नये, दुसऱ्या दिवशी डबी ठरल्याप्रमाणे भरावी. गालाच्या चरचरीची तपासणी मात्र या वेळापत्रकासाठी लांबवू नये. दंतवैद्यांना तेथे कडकपणा किंवा पांढरा चट्टा दिसला, तर हळूहळूचा विचार सोडून सुपारी लगेच थांबवावी लागेल.

वाचक_कुडाळ

एक वेगळी विचारणा करतो. माझे काका अनेक वर्षे स्किझोफ्रेनियाच्या औषधांवर आहेत आणि पानसुपारीही भरपूर खातात. विडे वाढले की त्यांचे हात थरथरतात आणि चाल ताठ होते, असे काकूंना वाटते. हा योगायोग आहे का?

मनोविकार_नाशिक

काकूंचे निरीक्षण लक्षपूर्वक घ्यावे. अशी औषधे घेणाऱ्या आणि खूप सुपारी खाणाऱ्या रुग्णांत ताठरपणा व थरथर वाढल्याच्या नोंदी 1980 च्या दशकापासून आहेत. थरथर कमी करण्यासाठी जी गोळी दिली जाते, ती मस्करिनिक रिसेप्टर बंद करते, आणि अरेकोलिन तेच रिसेप्टर चालू करते. म्हणजे गोळीचे काम सुपारी खोडून काढत असते. दुसऱ्या बाजूला, पलाऊ बेटांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात सुपारी खाणाऱ्या रुग्णांत भास-भ्रमाची लक्षणे कमी आढळली होती. अरेकोलिनच्या रेणूवरून घडवलेले झॅनोमेलिन हे द्रव्य एका दुसऱ्या द्रव्याच्या जोडीने 2024 मध्ये अमेरिकेत स्किझोफ्रेनियावरचे औषध म्हणून मान्य झाले आहे. म्हणून काकांची सुपारी अचानक बंद केली, तर थरथर कमी होईल की मूळ आजार डोके वर काढेल, हे आधी सांगता येत नाही. ते रोज किती विडे खातात, हे काकूंनी लिहून ठेवावे आणि सुपारी कमी करण्याआधी ती नोंद त्यांच्या डॉक्टरांना दाखवावी.

वाचक_कुडाळ

डॉक्टरांनी आजवर सुपारीबद्दल कधी विचारलेच नव्हते. पुढच्या भेटीत नोंद घेऊन जातो आणि ते काय म्हणतात ते येथे लिहितो.